‘८२% एआय’ असा शेरा आला तर: डिटेक्टर, कॉपी-तपासणी की मसुद्याचा इतिहास?

शाळेकडून मेसेज येतो, ‘निबंध ८२% एआय’. हा आकडा नेमका कशाचा, हे आधी विचारा. कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर ३० टक्के दाखवतं तेव्हा जुळणारी वाक्यं आणि ती जिथून आली ते पान समोर ठेवतं. तुम्ही स्वतः ताडून बघू शकता. एआय डिटेक्टरकडे ताडायला असं पानच नसतं. पुढचा शब्द कितपत अपेक्षित होता, वाक्यांची ठेवण किती एकसारखी आहे, अशा खुणांवरून तो अंदाज बांधतो. शिवाय ८२ म्हणजे एका टूलमध्ये शक्यता, तर दुसऱ्यात एआयसारख्या वाटणाऱ्या मजकुराचा हिस्सा.

इथेच आपली मुलं अडकतात. घरी मराठी, शाळेत इंग्रजी. मग वाक्यं साधी, शब्द मोजके आणि गाईडमधून घोटलेले. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टरना टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध दिले, परभाषिकांनी स्वतः लिहिलेले. त्यातले सरासरी ६१ टक्के एआयचे ठरले! अमेरिकन आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र बहुतेक बरोबर ओळखले गेले.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही २०२३ च्या जानेवारीत डिटेक्टर काढला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत मागे घेतला. त्यांच्याच चाचणीत तो एआयचा २६ टक्के मजकूर पकडायचा आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा ठपका ठेवायचा. समजा २०० मुलांपैकी २० जणांनी एआय वापरलं. या हिशेबाने त्यातले ५ सापडतील आणि उरलेल्या १८० पैकी १६ निर्दोष मुलं अडकतील. म्हणजे ठपका आलेल्या २१ पैकी १६ जणांनी काही केलेलंच नाही. आजची टूल्स यापेक्षा बरी असतील, पण प्रामाणिक मुलं जास्त असली की थोडी चूकही अशीच फुगते.

याउलट निबंध गूगल डॉक्समध्ये लिहिला असेल तर File मध्ये Version history उघडा. संध्याकाळी पावणेसातला तीन ओळी, मग सुरुवात खोडलेली, जेवणानंतर दोन परिच्छेद, ‘environment’ दोनदा दुरुस्त: हे दिसलं तर माझा भरवसा डिटेक्टरपेक्षा यावर. अर्थात एआयचं उत्तर बघून कोणी टाइपही करू शकतं. आणि वहीत लिहून मग मोबाइलवरून पेस्ट केलेला प्रामाणिक निबंधही इथे एका फटक्यात उगवल्यासारखा दिसतो. म्हणून कच्ची वही फेकू देऊ नका.

शाळेत जाताना डिटेक्टरचा स्क्रीनशॉट सोबत असू द्या, पण टेबलावर आधी मसुदे ठेवा. मग बाईंना सांगा, ‘दुसऱ्या परिच्छेदातला कुठलाही मुद्दा त्याला तोंडी विचारा, मराठीत सांगितला तरी चालेल.’ घरी मात्र तोच निबंध आणखी चार फुकट डिटेक्टरमध्ये टाकत बसू नका. चार वेगळे आकडे येतील आणि पोरगं रडकुंडीला येईल.