चार पी की चार सी? आराखडा कशावर बांधावा

नव्या उत्पादनाच्या मार्केटिंगचा आराखडा कोणत्या चौकटीत बसवावा, हा प्रश्न अनेकांना पडतो. मार्केटिंगचे प्राध्यापक जेरोम मॅकार्थींनी १९६०मध्ये प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन हे चार पी मांडले. रॉबर्ट लॉटरबॉर्न यांनी १९९०मध्ये त्यांच्या जागी कन्झ्युमर म्हणजे ग्राहकाची गरज, कॉस्ट म्हणजे त्याला पडणारा खर्च, कन्व्हिनियन्स म्हणजे सोय आणि कम्युनिकेशन म्हणजे संवाद हे चार सी सुचवले.

खरा फरक दिसतो तो किंमत आणि खर्च या जोडीत. समजा, एका प्रिंटरची किंमत १०० एकक आहे आणि शाईवर दरवर्षी ६० एकक जातात. दुसरा १८० एककांना मिळतो, शाईला वर्षाला २० लागतात. नुसती किंमत पाहिली तर पहिला स्वस्त. तीन वर्षांचा हिशेब मांडला की पहिला २८०वर जातो, दुसरा २४०वर थांबतो. चार पींच्या तक्त्यात हा हिशेब सहज निसटतो, चार सी तो करायलाच लावतात.

पण खर्च जास्त आहे हे कळल्यावर बदलायचं काय? शाईचा दर, टाकीचा आकार की मूळ किंमत? सी इथे गप्प बसतात, कारण विक्रेत्याच्या हातातल्या कळा पीच आहेत. शिवाय मॅकार्थींच्या आकृतीतही ग्राहक मध्यभागीच होता. म्हणून ‘पी कालबाह्य झाले’ हा दावा मला पटत नाही. प्लेस-सोय आणि प्रमोशन-संवाद या जोड्यांतही तेच.

ग्राहक का बिचकतो हे शोधायचं असेल तर सी घ्या. बजेट, दर आणि वितरक ठरवायचे असतील तर पी.