फुटलेला पॅनल बदलताना: जुन्याच नंबरचा घ्यावा की फुल एचडी?

गेल्या दीड वर्षात मी दोन लॅपटॉपांच्या पडद्याचे पॅनल स्वतः बदलले. एक निपाणीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानातला, दुसरा खानापूरला राहणाऱ्या भाचीचा. दोन्ही 15.6 इंची, दोन्हींत मुळात 1366 बाय 768 चा साधा एचडी पॅनल. दुकानातल्याला मी फुल एचडी बसवला, भाचीच्या लॅपटॉपला जुन्याच नंबरचा. दोनच लॅपटॉपांवरून नियम काढू नये हे मान्य. तरी या दोन रस्त्यांत अडकलेल्या माणसाला माझा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं.

रस्ता कुठलाही धरा, लॅपटॉपच्या मॉडेलवरून पॅनल मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये कंपनी कधी बीओईचा, कधी एयूओचा, कधी इनोलक्सचा पॅनल घालते. खरा नंबर पॅनलच्या पाठीमागच्या स्टिकरवर असतो. माझ्याकडे होता बीओईचा NT156WHM-N42. यातलं 156 म्हणजे 15.6 इंच, WHM म्हणजे साधा एचडी. फुल एचडी असेल तिथे FHM येतं. सुरुवातीला NT असेल तर टीएन पॅनल, ज्याचे रंग बाजूने बघितलं की बदलतात; NV असेल तर आयपीएस जातीचा, बाजूनेही नीट दिसणारा. शेवटचा N42 हा भाग लोक सोडून देतात, पण स्क्रूच्या पट्ट्या आहेत की नाहीत, रुंदी किती, हे त्यावर ठरतं. जुन्या पद्धतीचा पट्टीवाला पॅनल साधारण 359 मिलिमीटर रुंद असतो, नव्या बारीक कडेचा 350. नऊ मिलिमीटरचा फरक झाकणात लपत नाही.

उघडण्याआधी नंबर हवा असेल तर एचडीएमआयने टीव्ही जोडा. काच तडकली तरी पॅनलमधली माहितीची चिप बहुतेक वेळा शाबूत असते. लिनक्सवर एवढी एक ओळ पुरते, `edid-decode` तेवढं आधी टाकलेलं असावं:

```
edid-decode /sys/class/drm/card0-eDP-1/edid
```

`card0` च्या जागी `card1` असू शकतं. पुष्कळदा पॅनलचा पूर्ण नंबर तिथेच वाचायला मिळतो. तरीही पैसे देण्याआधी मी स्टिकर बघतोच.

आता फुल एचडीची बाजू. माझ्या कामात तिला खरं वजन आहे. आमच्याकडे लग्नपत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड अशा येतात. कन्नड अक्षराच्या पायाशी बसणारं छोटं ओत्ताक्षर साध्या एचडीवर पूर्ण पान दाखवलं की चिकटून जातं. चूक बघायला प्रत्येक वेळी झूम करावं लागतं. फुल एचडी आयपीएसवर ते सरळ वाचता येतं, आणि गिऱ्हाईक बाजूला उभं राहून बघतं तेव्हा रंग उलटे दिसत नाहीत. मला हजार-बाराशे रुपये जास्त पडले. तेवढ्यावर प्रश्न मिटला असता तर हा लेख इथेच संपला असता.

मिटला नाही तो केबलमुळे. मी NV156FHM-N42 मागवला. आकार तोच, पट्ट्या त्याच, आणि मदरबोर्डावरून पडद्याला चित्र पोचवणाऱ्या ईडीपी जोडणीचा कनेक्टरही 30 पिनचाच. कनेक्टर बरोबर बसला, लॅपटॉप सुरू केला, मागचा उजेड आला आणि चित्र मात्र काही आलं नाही. एचडीएमआयवर सगळं व्यवस्थित. पॅनल खराब आला असं समजून परत पाठवायच्या बेतात होतो. कोल्हापूरच्या एका दुरुस्तीवाल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "परत नको पाठवूस. केबलच्या टोकाला तिसरी आणि चौथी पिन बघ, तार आहे का?"

भिंगातून बघितलं. दोन्ही जागा रिकाम्या होत्या.

ईडीपीत चित्र जोडीच्या तारांमधून जातं, त्या जोडीला लेन म्हणतात. 30 पिनच्या कनेक्टरमध्ये एक लेन सहा-सात नंबरच्या पिनांवर असते, दुसरी तीन-चारवर. अशा पॅनलला एक लेन सेकंदाला साधारण 2.16 गिगाबिट चित्र पोचवते. साध्या एचडीला दीडएक गिगाबिट लागतात, म्हणून कंपनी एकाच लेनच्या तारा घालून पैसे वाचवते. फुल एचडीला अडीचच्या आसपास लागतात, तिथे दुसरी लेन हवीच. प्लग तोच, पिना तेवढ्याच, पण आतून अर्धा रस्ता बांधलेलाच नाही. वरवर बघून हे कळत नाही, आणि माझी खरी चिडचिड तिथे झाली.

मग केबल शोधणं आलं. केबलच्या अंगावर स्वतःचा नंबर असतो. माझ्या केबलवर DC02 ने सुरू होणारा होता. त्याच मॉडेलच्या फुल एचडी आवृत्तीला वेगळ्या नंबरची केबल लागते. बेळगावात दोन दुकानांत मिळाली नाही, शेवटी कुरिअरने आली, अकरा दिवसांनी. बसवायला लॅपटॉप पूर्ण उघडावा लागला, कारण ती मदरबोर्डापासून बिजागरीतून वर येते. वेबकॅमच्या ताराही त्याच जुडग्यात असतात, त्यामुळे चुकीची केबल घातली तर कॅमेराही जातो. लग्नसराईत ते अकरा दिवस दुकानातला लॅपटॉप टीव्हीला बांधून ठेवला होता.

टचचा किंवा 120-144 हर्ट्झचा पॅनल बहुधा 40 पिनचा असतो, त्यामुळे "15.6 फुल एचडी" एवढंच वाचून मागवलं तर प्लगच बसत नाही. जुन्या लॅपटॉपांत ईडीपीच्या आधीच्या एलव्हीडीएस पद्धतीचा 40 पिनचा प्लग असतो. तो ईडीपीच्या 40 पिनचा समजून लावू नये, तारांची मांडणी वेगळी आहे.

भाचीच्या वेळी मी NT156WHM-N42 च मागवला. खानापूरला रविवारी जेवून बसलो. आधी मशीन बंद करून आतून बॅटरी सोडवली. ही पायरी चुकवू नका: मागच्या उजेडाचा वीजपुरवठा याच कनेक्टरमधून जातो, आणि प्लग तिरका बसून शॉर्ट झाला तर मदरबोर्डावरचा फ्यूज उडतो. कडेची चौकट काढली, पॅनल कीबोर्डवर पालथा घातला, कनेक्टरवरची चिकटपट्टी सोडवली, पातळ कडी उचलली आणि प्लग पॅनलला समांतर सरकवून काढला. वर ओढायचा नसतो. नवा पॅनल स्क्रू न लावता नुसता जोडून, बॅटरी लावून सुरू केला. पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर मेलेला ठिपका दिसत नाही ना ते पाहिलं, कारण संरक्षक फिल्म काढल्यावर विक्रेते सहसा परत घेत नाहीत. मग पुन्हा बंद करून, बॅटरी सोडवून स्क्रू लावले. चहाच्या आत काम झालं.

दिवसाचे आठ तास अक्षरं किंवा फोटो बघणाऱ्याला मी फुल एचडीपासून अडवणार नाही. फक्त आधी केबलची तिसरी आणि चौथी पिन बघावी, आणि त्या रिकाम्या असतील तर पॅनलच्या आधी केबल मिळते का ते बघावं. कॉलेजचा अभ्यास, ऑनलाइन अर्ज, हिशेब एवढंच असेल तर मला जुन्याच नंबरचा पॅनल बरा वाटतो. घरातल्या तिसऱ्या लॅपटॉपच्या पडद्यावर आता उभी रेघ आली आहे. त्याच्या स्टिकरवरचा नंबर मी कालच उतरवून घेतला, आणि मागवणार आहे तोच नंबर.