बाथरूम फिटिंग: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत (काही महिन्यांच्या वापरानंतर)

पहिलं घर घेणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: कुठली फिटिंग चांगली घ्यायची आणि कुठली साधी चालेल? दुकानात उभं राहून ठरवलं तर उत्तर बहुतेक वेळा उलटं येतं. तिथे नजरेत भरतो तो मोठा शॉवर आणि बेसिनचा उंच नळ. वापरायला लागल्यावर डोकं खातात त्या वस्तू मात्र भिंतीच्या आत नाहीतर बेसिनखाली लपलेल्या असतात. म्हणून इथे फक्त बाथरूमबद्दल लिहितो. चूक महागात पडते ती इथेच.

प्रत्येक वस्तू हातात घेऊन दोन प्रश्न विचारायचे. ही बिघडली तर बदलायला काय फोडावं लागेल? आणि नळ बंद असतानाही हिच्यावर पाण्याचा दाब असतो का? एकाचंही उत्तर जड असेल तर तिथे कंजुसी नको. दोन्ही उत्तरं हलकी असतील तर साधी वस्तू बिनधास्त घ्या.

पहिल्या प्रश्नात डायव्हर्टर सगळ्यात वर येतो. गरम-गार पाणी मिसळून शॉवर किंवा खालच्या नळाकडे वळवणारा हा भाग भिंतीत गाडलेला असतो आणि बाहेर फक्त हँडल आणि प्लेट दिसते. विकताना हँडलच्या डिझाइनचंच कौतुक होतं, पण पैसे द्यायचे ते आतल्या बॉडीचे. ती पितळेची हवी. जस्ताच्या मिश्रधातूची बॉडी पाण्यात हळूहळू खराब होते आणि तिच्यावरचं क्रोम फोड आल्यासारखं उठतं. एकाच आकाराच्या दोन बॉडी हातात घेतल्या की फरक कळतो, पितळेची जड लागते. हँडल मात्र जस्ताचं असलं तरी बिघडत नाही, कारण त्याचा पाण्याशी संबंध येत नाही.

बॉडीच्या आत कार्ट्रिज असतं. त्यात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकून पाणी सोडतात आणि थांबवतात. हे कार्ट्रिज कधी ना कधी बदलावं लागतंच, म्हणून ते सुटं मिळतं का हे खरेदीआधी पाहा. ‘मिळतं’ या उत्तरावर थांबू नका, सुटं कार्ट्रिज काउंटरवर ठेवायला सांगा. ठेवता आलं तर त्याच वेळी एक जादा घेऊन ठेवा. एकाच मापाची दिसणारी कार्ट्रिज खालच्या खुंट्यांच्या जागेमुळे एकमेकांत बसत नाहीत, त्यामुळे नंतर ‘तसंच काहीतरी’ शोधण्यात अर्थ नसतो.

नव्या घरात काही आठवड्यांतच हँडल बंद करूनही शॉवर ठिबकायला लागला, तर लगेच वस्तू खराब निघाली असं समजू नका. बहुतेक वेळा बांधकामातली वाळू, पाइप कापल्याचा चुरा किंवा टेफ्लॉन टेपचा तुकडा चकत्यांमध्ये अडकलेला असतो. आधी पाणी बंद करा, मग हँडल काढा, वरची नट सोडवा, कार्ट्रिज बाहेर काढून धुवा. चकत्यांवर ओरखडा नसेल तर ठिबकणं थांबतं. ओरखडा पडला असेल तर कार्ट्रिजच बदलावं लागतं. हे टाळायचा उपाय सोपा आहे: कार्ट्रिज बसवण्याआधी त्या लाइनमधून पाणी जोरात वाहू द्यायचं, गरम आणि गार दोन्ही बाजूंनी. बॉडीसोबत येणारी प्लास्टिकची टोपी त्यासाठीच असते, पण घाईत ती बऱ्याचदा कचऱ्यात जाते.

खोलीचं गणितही इथेच चुकतं. बॉडीवरच्या प्लास्टिकच्या आवरणावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन रेघा असतात. टाइल लावून झाल्यावर तिचा दर्शनी पृष्ठभाग या दोन रेघांच्या मधे यायला हवा. प्लंबर बॉडी कच्च्या भिंतीच्या हिशेबाने बसवतो. वर प्लास्टर, चिकटवायचा थर आणि टाइल चढली की बॉडी आत जाते आणि हँडल दांड्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून टाइलचा एक तुकडा आणि तिच्याखालच्या थराची जाडी प्लंबरला आधीच दाखवा. टाइल लागण्यापूर्वी सगळी लाइन पंपाने दाबाखाली भरून गेज लावून रात्रभर ठेवा. सकाळी काटा खाली आलेला दिसला तर गळती आहे, आणि ती शोधायची हीच वेळ असते.

दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. अँगल कॉक म्हणजे भिंतीतून येणारं पाणी त्या जागीच बंद करणारा छोटा कॉक, आणि कनेक्शन पाइप म्हणजे तिथून नळापर्यंत किंवा टाकीपर्यंत जाणारी लवचीक नळी. दोन्ही भिंतीबाहेर असतात, स्वस्त दिसतात, म्हणून यादीच्या तळाशी जातात. पण या दोन्हींवर चोवीस तास दाब असतो. शॉवरवर दाब येतो तो नळ उघडल्यावरच. शॉवर फुटला तर अंघोळीच्या वेळी पाणी उडेल, पण बेसिनखालचा पाइप फुटला तर घरात कुणी नसताना पाणी दारापर्यंत येईल. एका साध्या बाथरूममध्ये अँगल कॉक सहा लागतात: बेसिनला दोन, गीझरला दोन, फ्लश टाकीला एक आणि कमोडशेजारच्या हातात धरायच्या जेटला एक. सहाही पितळेचे घ्या. हलका अँगल कॉक दोन-चार महिने नीट चालतो, मग घट्ट होतो आणि नेमका पाणी बंद करायच्या वेळी फिरत नाही. जोर लावला तर दांडा तुटतो आणि सगळ्या घराचं पाणी बंद करावं लागतं. चांगल्या कॉकलासुद्धा दोन-तीन महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, म्हणजे तो जाम होत नाही.

कनेक्शन पाइप निवडताना टोकाची नट पाहा. प्लास्टिकची नट जास्त आवळली गेली की तिला बारीक तडा जातो. तो त्या दिवशी दिसत नाही, काही महिन्यांनी गळतो. पितळेची नट घ्या, हाताने बसवा, मग पान्याने साधारण पाव फेरा द्या. आतली रबरी वॉशरच पाणी अडवते, जोर अडवत नाही. पाइपची लांबी इतकी हवी की वळण सैल राहील. ताणलेला किंवा तीव्र वळवलेला पाइप टोकाच्या पत्र्याजवळ आधी जातो. कमोडजवळच्या पाइपला आणखी एक धोका असतो. टॉयलेट क्लीनरमधलं आम्ल आणि ब्लीच यांचे शिंतोडे बसून स्टीलची जाळी गंजते आणि एकेक तार तुटते. जाळीवर तपकिरी ठिपके किंवा नटीपाशी पांढरी-हिरवी खपली दिसली की पाइप बदलून टाका, पुसून पुढे ढकलू नका.

हाच हिशेब जेटला लावा. जेटचा कॉक उघडाच ठेवायची सवय असते, त्यामुळे बंदूक आणि तिची नळी दोन्ही सतत दाबाखाली राहतात. बंदूक साधी चालेल, ठिबकायला लागली की दिसते आणि दोन मिनिटांत बदलता येते. नळी मात्र चांगली घ्या आणि काही दिवस बाहेर जाताना कॉक बंद करा.

कमोडच्या बाबतीत भांड्यापेक्षा टाकीच्या आतल्या यंत्रणेला महत्त्व द्या. भांडं फुटलं नाही तर वर्षानुवर्षं चालतं. टाकीतली रबरी सील मात्र झिजते किंवा तिच्याखाली कण अडकतो, आणि पाणी आवाज न करता भांड्यात झिरपत राहतं. तपासायला टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यातल्या पाण्याला रंग आला तर सील गळतेय. मिनिटाला फक्त 100 मिलिलिटर झिरपलं तरी दिवसाला 144 लिटर होतात. भिंतीतली टाकी घेत असाल तर तिची सील आणि फ्लोट फ्लश प्लेटच्या चौकटीतून बाहेर काढता येतात का, हे दुकानात करूनच दाखवायला सांगा. सीट कव्हर साधं घ्या. त्याचं बिजागर कधी तरी जाणारच आणि बदलणं अगदी सोपं असतं. फक्त भांड्याच्या दोन भोकांमधलं अंतर आणि भांड्याची लांबी लिहून ठेवा.

मोठ्या शॉवरबद्दल मात्र ठाम मत आहे: आधी पाण्याचा जोर मोजा, मग शॉवर निवडा. वरच्या टाकीतलं पाणी 10 मीटर उंचीवर असेल तर साधारण 1 बार दाब मिळतो. टाकी शॉवरच्या फक्त 3 मीटर वर असेल तर दाब 0.3 बारच्या आसपास राहतो आणि पाइप-वळणांत त्यातलाही थोडा जातो. शॉवर बसायच्या जागेच्या पाइपातून 10 लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहा. दीड मिनिट लागत असेल तर मिनिटाला जेमतेम साडेसहा लिटर मिळतं. रुंद चकतीला हे पुरत नाही, धार मधल्या छिद्रांतूनच पडते. अशा घरात छोटा, साधा शॉवर जास्त चांगली अंघोळ घालतो. डायव्हर्टरच्या खोक्यावरही किमान दाब लिहिलेला असतो, तो आपल्या घरात मिळतो का ते पाहा.

साबणाची जाळी, टॉवेल रॉड आणि आरसा साधे चालतात. रॉड खराब झाला तर पन्नास वेळा बदला, पण टाइलला पडलेली भोकं बदलता येत नाहीत. म्हणून आधी दोन स्क्रूंमधलं अंतर मोजा आणि त्याच अंतराचा रॉड पुन्हा सहज मिळेल असाच निवडा. वृद्धांसाठी धरायचा दांडा मात्र या यादीत नाही. त्यावर माणसाचं पूर्ण वजन येतं, म्हणून तो भक्कम हवा आणि पोकळ भिंतीत लावायचा नाही. फरशीतला ट्रॅप, म्हणजे पाणी अडवून गटाराचा वास रोखणारं सांडपाण्याचं भांडं, हाही फरशी फोडल्याशिवाय बदलत नाही. त्यात किमान 50 मिमी पाणी अडून राहायला हवं, नाहीतर वास वर येतो. वरची जाळी कुठलीही घ्या.

एका बाथरूमच्या फिटिंगचे 100 भाग धरले तर वाटणी अशी करू: डायव्हर्टर आणि भिंतीतल्या पाइपांना 35, कमोड आणि टाकीला 25, बेसिनच्या नळाला 12, अँगल कॉक आणि कनेक्शन पाइपांना 12, आणि शॉवर, जेट, रॉड, आरसा या सगळ्यांना मिळून 16. बेसिनच्या नळाला यापेक्षा जास्त देऊ नका. त्याचं कार्ट्रिज चांगलं असलं की झालं, बाकी दिखाव्याचे पैसे. धार वाकडी पडली तर तोंडाशी असलेलं एअरेटर फिरवून काढा आणि अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा.

खरेदीचा क्रमही याच हिशेबाने ठेवा. डायव्हर्टर, भिंतीतली टाकी आणि ट्रॅप प्लंबिंग सुरू होण्याआधी हातात हवेत. अँगल कॉक, कमोड आणि नळ टाइल झाल्यावर घ्या. शॉवर आणि रॉड राहायला गेल्यावर घेतले तरी चालतं, तेव्हा पाण्याचा खरा जोर आणि टॉवेल कुठे हाताशी हवा हे कळलेलं असतं. टाइल लावण्याआधी उघड्या भिंतीचे फोटो काढताना मापाची टेप धरा, एक टोक कोपऱ्याला आणि दुसरं पाइपावर. ते फोटो आणि कार्ट्रिजच्या खोक्यावरचा क्रमांक घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा.