‘काय बदललंय?’ एवढंच विचारून दोन इमेज आल्या तर: नजर, ब्लिंक, Difference की रंगीत ओव्हरले

रिडेव्हलपमेंट चालू असलेल्या सोसायटीच्या ग्रुपवर हे ठरलेलं आहे. बिल्डरच्या ऑफिसातनं फ्लॅटचा नवा प्लॅन येतो, कुणीतरी आधीचा शोधून त्याच्याखाली टाकतं आणि मग ज्याला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं त्याला टॅग करून विचारतात, ‘काय बदललंय बघ ना’. कशासाठी बघायचंय, कुठली खोली, सही करायची आहे का नुसती उत्सुकता आहे, काही नाही. हे काम करायच्या चार पद्धती मी वापरतो आणि कुठली कधी घ्यावी यावरून लोक सारखं विचारतात, म्हणून एकदाच लिहितो.

उदाहरण एकच घेऊ. टू बीएचके फ्लॅट, रुंदी ३० फूट. इमेज १६०० पिक्सेल रुंद, कारण व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या क्वालिटीत साधारण तेवढीच करून पाठवतं, आणि कडेचा मजकूर नि मार्जिन सोडून प्लॅनला उरले समजा १२०० पिक्सेल. म्हणजे एका फुटाला ४० पिक्सेल. जुन्या प्लॅनमध्ये बेडरूम १०'-०" × ११'-०", नव्यात ९'-९" × ११'-०". बेडरूम आणि डक्टमधली भिंत ३ इंच आत सरकली आहे, इमेजवर फक्त १० पिक्सेल. शिवाय नव्यात सोफा दुसऱ्या भिंतीला लावलाय, टॉयलेटचं दार उलट्या बाजूला उघडतंय आणि खालच्या चौकटीतली तारीख नवी आहे.

शेजारी-शेजारी ठेवून नजरेने

सगळे आधी हेच करतात आणि सोफ्यावर अडकतात. सोफा मोठा आहे, लगेच दिसतो, आणि प्लॅनमधल्या सोफ्याला काडीची किंमत नाही, ड्राफ्ट्समनने तयार चित्र उचलून टाकलेलं असतं. दार कदाचित दिसेल. भिंत दिसणार नाही, कारण डोळा एका चित्रावरनं दुसऱ्यावर जाईपर्यंत १० पिक्सेलचं अंतर लक्षात राहत नाही, कुणाच्याच राहत नाही. मात्र आकडे वाचायला हीच पद्धत लागते. खोलीमागून खोली घ्यायची, दोन्हीकडचं माप मोठ्याने वाचायचं, शक्य असेल तर एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने टिक करायची. कंटाळवाणं आहे पण याला पर्याय नाही, का ते पुढे येईल.

ब्लिंक

दोन्ही इमेज एकाच जागी ठेवून झटपट आलटून-पालटून बघायच्या. जे सारखं आहे ते स्थिर राहतं, जे बदललंय ते उडी मारतं. १९३० साली अ‍ॅरिझोनाच्या लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉने प्लूटो असाच शोधला, २३ आणि २९ जानेवारीला घेतलेल्या दोन काचांच्या प्लेटा ब्लिंक कम्पॅरेटरमध्ये आलटून-पालटून बघत होता आणि १८ फेब्रुवारीला एक ठिपका जागा बदलताना दिसला. यंत्र गेलं, युक्ती आजही तशीच चालते.

पण फोनच्या गॅलरीत डावीकडे-उजवीकडे सरकवून हे होत नाही, हे लोकांना पटवताना माझा दम निघतो. सरकवताना अख्खं चित्र हलतं, मग त्यात भिंतीचे १० पिक्सेल हलले काय नि न हलले काय. मधे क्षणभर कोरी स्क्रीन आली तरी तेच होतं. १९९७ मध्ये रेन्सिंक या दृष्टीवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असा प्रयोग केला होता, दोन फोटोंच्या मधे सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ राखाडी पडदा दाखवायचे आणि तेवढ्यानेच माणसांना भलेमोठे बदल सापडायला खूप वेळ लागायचा. तेव्हा बदली झटक्यात हवी. गिम्प या फोटो एडिट करायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये Open as Layers करून दोन्ही इमेज एकावर एक घ्या आणि वरच्या लेयरपुढचा डोळा बंद-चालू करत बसा, बस. आपल्या उदाहरणात भिंत पहिल्या दोन-तीन क्लिकमध्ये पकडली जाते.

अडचण अशी की दोन्ही इमेज नेमक्या एकावर एक बसल्या पाहिजेत. एक पीडीएफमधनं काढलेली आणि एक ऑफिसच्या टेबलावर ठेवलेल्या कागदाचा फोटो असेल तर सगळंच उड्या मारतं. तेव्हा वरचा लेयर अर्धा पारदर्शक करा, एकमेकांपासून लांब असलेले दोन पॉइंट निवडा आणि ते जुळेपर्यंत लहान-मोठा करा, सरकवा. पॉइंट निवडताना मात्र खोलीचा कोपरा घेऊ नका, कारण खोलीच तर बदलली असू शकते. ग्रिडलाइन दिसत असतील तर त्या घ्या, नाहीतर लिफ्टची भिंत किंवा जिन्याचा कोपरा. मी एकाला बेडरूमचा कोपरा पकडून जुळवताना बघितलंय, त्याच्या हिशोबाने बेडरूम जशीच्या तशी होती आणि बाकीचा अख्खा फ्लॅट ३ इंच सरकला होता.

फोटो तिरका असेल तर पर्स्पेक्टिव्ह टूलने सरळ होतो, पण कागद मधे फुगलेला असेल तर एक कोपरा जुळवला की दुसरा सुटतो. अशा वेळी मी पूर्ण प्लॅनचा नाद सोडून एकेक खोली वेगळी जुळवतो.

Difference लेयर

इंटरनेटवर सगळे हाच सांगतात. वरच्या लेयरचा मोड Difference केला की प्रत्येक पिक्सेलमधून दुसरा वजा होतो, सारखं ते काळं, वेगळं ते उजळ. स्क्रीनशॉट, पोस्टर, वेबसाइटची दोन पानं, म्हणजे एकाच मशीनवरून एकाच मापात निघालेल्या इमेज असतील तर याच्यासारखं काही नाही, एक स्वल्पविराम हलला तरी चमकतो.

प्लॅनला मात्र मी हे दुसऱ्या नंबरवर ठेवतो. एक तर जुळवणी १ पिक्सेलने चुकली तरी प्रत्येक रेषेची आणि अक्षराची कड उजळते, सगळा प्लॅन पांढऱ्या बाह्यरेखांनी भरतो आणि खरा बदल त्यात बुडतो. ओळखायचं कसं, तर बाह्यरेखा सगळीकडे सारख्याच जाडीच्या आणि एकाच बाजूला पडलेल्या असतील तर तो जुळवणीचा दोष, अ‍ॅरो कीने एकेक पिक्सेल सरकवून बघा, एका क्षणी सगळं धाडकन काळं होतं. दुसरं, जेपेग इमेज ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबते, त्यामुळे अक्षरांभोवती मळकट ठिपके येतात जे दोन्ही फाइलींत वेगवेगळे असतात, आणि Difference मध्ये तेही बदल म्हणूनच दिसतात. अंधुक आणि अक्षरांना चिकटलेलं असेल तर बहुतेक तो मळ. तिसरं कारण मला सगळ्यात जास्त खटकतं: वजाबाकीत जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळतच नाही. भिंतीच्या जागी दोन पांढऱ्या पट्ट्या दिसतात, पण भिंत आत आली का बाहेर गेली?

रंगीत ओव्हरले

प्लॅन, नकाशा, सर्किट, पांढऱ्यावर काळ्या रेषा असलेलं काहीही, तर मी सरळ हेच करतो. जुनी इमेज एका रंगात, नवी दुसऱ्या रंगात, एकमेकांवर. गिम्पमध्ये होतं, पण इमेजमॅजिक हे कमांड टाइप करून चालवायचं सॉफ्टवेअर असेल तर एका ओळीचं काम आहे. दोन्ही फाइलींचं माप आधी सारखं करून घ्या, मग:

```
magick juna.png nava.png nava.png -colorspace Gray -combine rangit.png
```

लाल चॅनलमध्ये जुनी आणि हिरव्या-निळ्यात नवी इमेज जाते. दोन्हीकडे असलेली रेषा काळीच राहते, फक्त जुन्यात असलेली आकाशी होते, फक्त नव्यात असलेली लाल. उलटं वाटतं ना, जुनी लाल व्हायला हवी असं? पण काळी रेषा म्हणजे त्या चॅनलमध्ये प्रकाश नाही, जुन्या रेषेने लाल काढून घेतला की मागे आकाशी उरतो. पाठवताना हे लिहून द्या, नाहीतर काका उलट वाचतील.

आपल्या उदाहरणात डक्टच्या बाजूला आकाशी भिंत, तिच्या आत १० पिक्सेलवर लाल भिंत. बघताक्षणी कळतं की डक्ट मोठा झाला आणि बेडरूम लहान. दाराची पाकळी एकीकडे आकाशी, एकीकडे लाल. सोफाही दिसतो पण आता त्याच्याकडे दुर्लक्ष करणं सोपं आहे. बारीक अक्षरं मात्र यात वाचता येत नाहीत, १०'-०" वर ९'-९" बसलं की लाल-आकाशी गिचमिड होते, तिथे काहीतरी बदललंय एवढंच समजतं. म्हणून आकडे वाचायला पुन्हा नजरेवर यावं लागतं.

नजरेवर यायचं याहून मोठं कारण वेगळंच आहे. भिंत ३ इंच सरकली, लांबी ११ फूट, म्हणजे २.७५ चौरस फूट गेले. ते टॉयलेटला गेले असते तर फ्लॅटचा कार्पेट एरिया तोच राहिला असता, कारण रेराच्या व्याख्येत आतल्या भिंतींसकट फ्लॅटच्या आतलं क्षेत्रफळ धरतात. पण डक्ट त्यात धरत नाहीत. म्हणजे प्लॅनच्या कोपऱ्यात क्षेत्रफळाचं जे टेबल छापलेलं असतं त्यात कार्पेट एरिया कमी व्हायला हवा होता, आणि आपल्या प्लॅनमध्ये तो आकडा जुन्यासारखाच आहे. ब्लिंकमध्ये ते टेबल शांत बसतं, Difference मध्ये काळं राहतं, ओव्हरलेमध्ये काळं राहतं. जे बदलायला हवं होतं आणि बदललं नाही ते यातलं कुठलंच टूल दाखवू शकत नाही. आणि ‘काय बदललंय’ विचारणाऱ्याला बहुतेक वेळा हेच हवं असतं, फक्त त्याला तसं विचारायचं सुचत नाही.

याच कारणाने ‘किती टक्के बदल’ असा आकडा मी कुणाला देत नाही. इमेजमॅजिकच्या `compare` ला `-metric AE` दिलं की वेगळ्या पिक्सेलची संख्या मिळते, दोन फाइली अगदी तंतोतंत एक आहेत का एवढं तपासायला ते छान आहे. पण आपल्या प्लॅनमध्ये सगळ्यात जास्त पिक्सेल सोफ्याचे बदललेत.

आता कुठली घ्यायची. स्क्रीनशॉट किंवा डिझाइनची एक्स्पोर्ट केलेली फाइल असेल तर Difference, दोन मिनिटांत काम संपतं. हातात धरून काढलेले फोटो असतील तर जुळवून ब्लिंक, त्यात डोळा थोडीफार चूक माफ करतो, वजाबाकी करत नाही. रेषांचं ड्रॉइंग असेल तर रंगीत ओव्हरले आणि नंतर आकड्यांचं वाचन, हे दोन्ही, एकावर भागवू नका. आणि अख्ख्या मजल्याचा प्लॅन असेल, चार फ्लॅट, १०० फूट रुंदी, तर १६०० पिक्सेलमध्ये फुटाला १६ सुद्धा पडत नाहीत, ३ इंच म्हणजे जेमतेम ४ पिक्सेल, तेवढे तर एका रेषेच्या जाडीत जातात. तिथे पद्धत बदलून उपयोग नाही, मूळ पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून मागवा.

उत्तर पाठवताना जे महत्त्वाचं ते वर. आपल्या उदाहरणाचं मी असं लिहीन: ‘बेडरूम १०'-०" ची ९'-९" झाली, ती जागा डक्टला गेली, सुमारे २.७५ चौ. फूट. कार्पेट एरियाचा आकडा मात्र तोच आहे, हे बिल्डरला विचारा. टॉयलेटचं दार आता उलट्या बाजूला उघडतं. फर्निचर आणि तारीख बदलली आहे, सोडून द्या. किचनमधलं ओट्याचं माप दोन्ही इमेजमध्ये वाचता येत नाही, त्याबद्दल मी काही सांगू शकत नाही.’