रोजचे फक्त 49 रुपये, आणि खाडा नाही

लिहायला लाज वाटते. पण आमच्याच बिल्डिंगमध्ये आणखी दोघींनी तेच मशीन घेतलंय हे कळल्यावर गप्प बसवेना.

पाणी शुद्ध करायचं मशीन. दारावर आलेला मुलगा गोड बोलणारा. नळाच्या पाण्यात लोखंडी कांड्या बुडवून, त्यात वीज सोडून पाणी तपकिरी करून दाखवण्याचा खेळ तुम्ही पाहिलाच असेल. त्याला मी भुलले नाही. तो रंग कांडीच्या लोखंडाचा असतो, एवढं मला माहीत होतं. मी फसले ते पुढे.

"काकू, रोजचे फक्त 49 रुपये. दोन कटिंग आणि एक वडापाव. लिटरमागे रुपयासुद्धा पडत नाही. बाटली वीस रुपयांना घेता ना?"

मी विचारलं, एकूण किती? तो हसला. "एकूण कशाला बघता? पाणी तर रोजच पिणार ना?" तेवढ्यात दूध उतू गेलं, मी गॅसकडे धावले आणि परत येऊन सही केली. तोच तो क्षण. एकूण आकडा सांगायला जो टाळतो, त्याला दारातूनच परत पाठवायला हवं होतं.

मी अडाणी नाही हो. 23 वर्षं भिशी सांभाळतेय, एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. पण 49 म्हटल्यावर डोक्यात चहा आला, वडापाव आला, कर्ज आलंच नाही. त्याने 53,640 म्हटलं असतं तर मी यांना विचारलं असतं, चार दुकानं फिरले असते. एमबीए करणारी भाची म्हणाली, मावशी, यावर 1998 सालीच जॉन गोरव्हिल नावाच्या प्राध्यापकांनी संशोधन केलंय. रोजची रक्कम किरकोळ असली की मन तिची तुलना किरकोळ खर्चाशी करतं. तीच रक्कम मोठी असली तर डाव उलटतो. खरंय, रोजचे दीडशे म्हणाला असता तर मीच त्याला हाकललं असतं.

आता हिशोब. 1,490 रुपयांचे 36 हप्ते म्हणजे 53,640. कागदावर रोख किंमत 44,900, वरचं व्याज. दुसऱ्या वर्षापासून सर्व्हिसचे वर्षाला 4,200, हे 49 मध्ये धरलेलंच नाही. म्हणजे तीन वर्षांत 62,040. त्याच कामाचं मशीन बाजारात 17,500 ला लावलेलं पाहिलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

आणि "लिटरमागे रुपया"? तो दिवसाला 50 लिटर धरून! आम्ही तिघं, पिण्या-स्वयंपाकाला 12 लिटर लागतं. म्हणजे सर्व्हिस धरून लिटरला पावणेपाच रुपये. खालच्या ऑफिसात वीस लिटरचा जार 40 रुपयांना येतो, तो दोन रुपये लिटर पडतो. भागाकार कुणी कशाने केला हे विचारा. घोट, वाटी, स्कूप, काहीही असो, तुमच्या घरात रोज खरंच किती लागतं त्याने भागा.

चहाशी तुलना हीच मुळात लबाडी. चहा नको असेल त्या दिवशी पैसे वाचतात. दुधाचासुद्धा खाडा मी कॅलेंडरवर लिहिते. गणपतीला 11 दिवस गावी होतो, दुधाचे पैसे कापून दिले. मशीन बंद होतं, 49 चालूच. ज्याचा खाडा धरता येत नाही तो रोजचा खर्च नव्हेच, ते तुकडे केलेलं कर्ज आहे.

तक्रारीचं तर विचारूच नका. कंपनी म्हणते हप्ता फायनान्सवाल्यांचा. फायनान्सवाले म्हणतात वस्तू कंपनीची. बँक म्हणते खात्यातून हप्ता कापायचं मँडेट तुमचंच. पोलीस चौकीत दोन तास बसवून साहेब म्हणाले, "सही तुमचीच ना? मग ही दिवाणी बाब." ग्राहक तक्रारीच्या फोनवर नंबर मिळाला, सोळा दिवसांनी मेसेज: तक्रार बंद. कारण? "ग्राहकाने संमतीने खरेदी केली." म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचंच उत्तर चिकटवलं! मला एकाने फोन करून विचारलंसुद्धा नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, हे मला कुणी सांगितलं नाही, स्वतः शोधलं.

कर्ज तीन दिवसांत परत करायची मुभा माझ्या कागदात होती. तो कागद मी नवव्या दिवशी वाचला. तुम्ही त्याच रात्री वाचा, एकूण परतफेड त्यात लिहिलेली असते.

पाच तारखेला सातवा हप्ता गेला. दुधाच्या खाड्यांशेजारी तोही लिहून ठेवलाय, लाल पेनाने.