एक्सेलमध्ये रोजचा खर्च: आडवा तक्ता की उभी नोंदवही?

खर्चाची शीट दोन प्रकारे मांडता येते. आडव्या तक्त्यात महिन्याच्या तारखा खाली खाली येतात, डोक्यावर किराणा, प्रवास, आरोग्य असे रकाने असतात आणि त्या दिवसाची रक्कम त्या चौकटीत जाते. उभ्या नोंदवहीत चारच रकाने असतात, तारीख, रक्कम, वर्ग, टीप, आणि प्रत्येक खर्चाला एक ओळ. मी आधी आडवा तक्ता ठेवायचो, आता नोंदवही ठेवतो. वेळ कमी असेल तर कोणता प्रकार निवडावा, हे तुम्ही शीटला पुढे काय विचारणार आहात त्यावर ठरतं.

आडव्या तक्त्याला सूत्र लागतं ते फक्त SUM. महिन्याचं चित्र एका पानावर दिसतं, आणि नोंद राहिलेला दिवस रिकामा दिसत असल्यामुळे लगेच लक्षात येतो. ही सोय नोंदवहीत नाही. तिथे मंगळवारची ओळ नसेल तर खर्च झाला नाही की लिहायचा राहिला, हे कळत नाही.

पण एका दिवशी एकाच वर्गात तीन खर्च झाले की आडवा तक्ता अडतो. चौकटीत आपण =40+650+40 लिहितो, बेरीज बरोबर येते, पण ते 650 कशाचे हे हरवतं. माझ्याकडे फेब्रुवारीत प्रवासाचे 2,400 आणि मार्चमध्ये 3,900 झाले होते. खर्च वाढतोय की काही एकदाच झालं, हे तक्ता पाहून सांगताच येईना. नोंदवहीत मार्च आणि प्रवास एवढं फिल्टर केलं असतं, तर टायर बदलल्याची 1,500 ची ओळ समोर आली असती आणि बाकीचे 2,400 नेहमीचेच आहेत हे दिसलं असतं. खर्च लिहून ठेवायचा तो याच उत्तरासाठी, म्हणून मी नोंदवहीकडे वळलो.

नोंदवहीला ओळी जास्त लागतात, पण एक ओळ भरायला फार वेळ लागत नाही. संगणकावर Ctrl+; दाबलं की आजची तारीख येते. वर्गाच्या रकान्याला Data Validation मधून यादी लावली की Alt आणि खालचा बाण दाबून वर्ग निवडता येतो. ही यादी लावाच. हाताने कधी ‘किराणा’ तर कधी ‘किराणा सामान’ लिहिलं, तर एक्सेल ते दोन वेगळे वर्ग धरतं. दुसरीकडून कॉपी करून चिकटवलेला शब्द मात्र ही यादी अडवत नाही.

वर्ग सहाच पुरे: घर, किराणा, प्रवास, आरोग्य, हौस, इतर. वर्ग निवडताना बोट थांबत असेल तर ते दोन वर्ग एक करा. एकाच बिलात साबण आणि औषध असेल तर ज्याची रक्कम मोठी त्या वर्गात अख्खं बिल टाका. बिलं फोडत बसणारी शीट दोन आठवड्यांत बंद पडते.

महिन्याची बेरीज हे सूत्र करतं. वर्गांची नावं G2 पासून खाली आणि प्रत्येक महिन्याची 1 तारीख H1 पासून उजवीकडे लिहा, आणि सूत्र H2 मध्ये टाकून पसरवा:

```
=SUMIFS($B:$B,$C:$C,$G2,$A:$A,">="&H$1,$A:$A,"<"&EDATE(H$1,1))
```

शेजारी सगळ्या रकमांची SUM ठेवा. ती वर्गवार बेरजेशी जुळली नाही, तर कुठेतरी वर्गाचं नाव चुकलंय किंवा तारीख मजकूर म्हणून बसलीय. रक्कमच मजकूर झाली असेल तर दोन्ही बेरजा तिला वगळतात, म्हणून हा ताळा ती पकडत नाही. मुद्दाम अलाइनमेंट बदललं नसेल तर असा आकडा चौकटीत डावीकडे चिकटलेला दिसतो.

राहिला राहून गेलेल्या नोंदींचा प्रश्न. त्यासाठी मी रोख खर्चाच्या टिपेत ‘रोख’ लिहितो आणि रविवारी पाकीट मोजतो. गेल्या रविवारी 2,000 होते, मध्ये 1,000 काढले, आता 900 आहेत, म्हणजे 2,100 गेले. ‘रोख’ फिल्टर केल्यावर नोंदी 1,850 च्याच निघाल्या. उरलेले 250 आठवत बसत नाही, ‘इतर’मध्ये ‘न लागलेले’ म्हणून एक ओळ टाकतो. कार्डाने किंवा फोनवरून दिलेले पैसे बँकेच्या विवरणात सापडतातच.

तुम्हाला फक्त महिन्याचा एकूण आकडा हवा असेल, दिवसाला दोन-तीनच खर्च होत असतील आणि रात्री एकदाच बसून भरायची सवय असेल, तर आडवा तक्ता पुरेल. खर्च दिवसभर विखुरलेले असतील तर नोंदवही घ्या. आणि शंका असेल तरी नोंदवहीनेच सुरुवात करा. नोंदवहीतून PivotTable वापरून आडवा तक्ता कधीही काढता येतो, पण आडव्या तक्त्यात एकत्र झालेल्या रकमांमधून कोणता खर्च कशाचा, हे नंतर परत मिळत नाही.