‘मुदत’ची ‘मदत’ करणारं ॲप : अहवालांच्या सीझननंतरचा अनुभव

छापील पानाच्या फोटोवरून मजकूर काढून देणाऱ्या या ॲपला पहिल्या महिन्यात मी पाच तारे दिले होते. ते काढून घेतले, मग त्यातले काही परत दिले. का, ते सविस्तर लिहितो, कारण वर्षाची वर्गणी बाराशे रुपये आहे आणि बाराशे रुपयांत आमच्या दुकानाचे बरेच रीम येतात.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमचं टायपिंग-डीटीपीचं दुकान. सहकारी संस्थांचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते. त्यामुळे ऑगस्ट लागला की पतसंस्था, दूध संस्था, पाणीपुरवठा संस्था सगळ्यांचे सचिव गेल्या वर्षीचा छापील अहवाल काखोटीला मारून एकदमच दारात. “यातलं एवढं एवढं बदला, बाकी हाय तसंच ठेवा.” सॉफ्ट कॉपी कुणाकडंच नसते. ‘हाय तसंच’ म्हणजे काय, तर ठळक ते ठळक, तिरपं ते तिरपं आणि खाली रेघ असेल तिथं रेघ. नुसता मजकूर काढून देणारी फुकट ॲप ढिगानं आहेत, पण त्यांतून सगळं सपाट येतं. हे ॲप साध्या मजकुरातच खुणा घालून देतं, ठळकाला दोन्ही बाजूंना दोन-दोन फुल्या आणि तिरप्याला एकेक, म्हणून पैसे भरले.

ठळकाबद्दल तक्रार नाही. ॲप पानावरच्या बाकीच्या अक्षरांशी जाडी ताडून पाहतं, त्यामुळं फोटोत उजेड सगळीकडं सारखा असला की बरोबर ओळखतं. शिवणीजवळ सावली पडली की तिथली अक्षरं फुगतात आणि अर्ध्या ओळी उगाच ठळक होऊन येतात. हे ओळखायला सोपं आहे. ठळकपणा पानाच्या एकाच बाजूला, ओळीमागून ओळीत दिसला की समजायचं सावली आहे. पान दाबून सपाट करायचं, खिडकीजवळ फोटो घ्यायचा, फ्लॅश नको. तिरप्याचंही तसंच. मोबाईल वाकडा धरला की सगळं पानच तिरपं होतं. साध्या ओळींतले काने उभे आहेत की कललेत एवढं बघितलं की कळतं. मराठीत तिरपा टाईप तसाही कमीच, कंसातल्या संदर्भापुरता.

खरी बोंब अधोरेखिताची आहे, आणि यापुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

एका पतसंस्थेच्या अहवालात पोटनियम दुरुस्तीचा तक्ता होता. तुम्ही सभासद असाल तर बघितला असेलच. एका रकान्यात सध्याचा पोटनियम, शेजारी दुरुस्तीनंतरचा, मग दुरुस्तीचं कारण. दुरुस्तीच्या रकान्यात नवीन घातलेल्या शब्दांखाली रेघ असते. ती नक्षी म्हणून नसते. सभेत कशाला मंजुरी द्यायची ते ती रेघ सांगते. ॲपमधून त्यातली एक ओळ अशी बाहेर आली:

```
**पोटनियम क्र. ३२** सोनेतारण कर्जाची *मदत बारा महिने
राहील व पढे सहा महिन्यांची मदतवाढ* देता येईल.
*(अधिनियम १९६०, कलम १३ अन्वये)*
```

यात दोन वेगळे घोळ आहेत. पहिला म्हणजे रेघेचं तिरपं झालं. शेवटच्या कंसातलं वाक्य पानावर खरोखर तिरपं होतं, त्यालाही एक फुली आणि अधोरेखिताला पण एकच फुली. आता मजकूर बघून कोण सांगणार यातलं नवीन घातलेलं कुठलं आणि नुसता संदर्भ कुठला? त्यावर कडी म्हणजे सचिवांनी तो मजकूर व्हॉट्सॲपवर मागवला. तिथं एक फुली म्हणजे ठळक. मग सगळंच जाड झालं आणि दुसऱ्या दिवशी “तुम्हाला रेघ ओढता येत नाही का हो?” हे ऐकून घेतलं.

कंपनीला लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं की या खुणांच्या पद्धतीत अधोरेखिताला खूणच नाही, म्हणून आम्ही जवळचा जोर वापरतो. उत्तर टाळाटाळीचं वाटलं, पण शोधलं तर गोष्ट खरी निघाली. मार्कडाउन नावाची ही पद्धत २००४ साली वेबवर लिहिणाऱ्यांसाठी निघाली. वेबवर शब्दाखाली रेघ म्हणजे लिंक, म्हणून त्यात अधोरेखित ठेवलंच नाही. आणि त्याच्याही आधी टाईपरायटरवर तिरपं अक्षर नसायचं. छापखान्यात जे तिरपं जुळवायचं त्याखाली टाईप करताना रेघ ओढत. म्हणजे रेघ आणि तिरपं एकच मानायची सवय जुनीच आहे. इंग्रजी कथा-कादंबरीला ती चालून जाईल. पोटनियमांना नाही चालत, राव. इथं रेघ हाच मजकूर आहे.

वर्गणी परत मागायच्या तयारीत होतो. तेवढ्यात दुकानातल्या पोरानं निर्यातीच्या सेटिंगमध्ये तळाशी लपलेला एक पर्याय दाखवला, अधोरेखित `<u>` आणि `</u>` मध्ये देण्याचा. कंपनीच्या उत्तरात याचा एक शब्द नव्हता! तो चालू केल्यावर रेघ आणि तिरपं वेगळं यायला लागलं. दिसायला गबाळं आहे, पण सुरुवात आणि शेवट वेगळा दिसतो आणि व्हॉट्सॲप त्याला हात लावत नाही, जसंच्या तसं दाखवतं. अंडरस्कोरचाही पर्याय आहे, तो घेऊ नका. व्हॉट्सॲपवर अंडरस्कोर म्हणजे तिरपं, की पुन्हा तोच तमाशा.

पुढं वर्डमध्ये खऱ्या रेघा करायला फाइंड-रिप्लेसमध्ये वाइल्डकार्ड चालू करून हे टाकायचं:

```
Find:    \<u\>(*)\</u\>
Replace: \1
```

रिप्लेसच्या खान्यात फॉरमॅटमधून अंडरलाइन निवडायचं. ठळकासाठी `\*\*(*)\*\*` आणि तिरप्यासाठी `\*(*)\*`, पण आधी दोन फुल्यांचं उरकायचं, मगच एकीचं. उलट केलं तर दोन फुल्यांच्याच जोड्या फुटतात. बंद करणारी खूण कुठं सुटली असेल तर पुढच्या खुणेपर्यंतचं सगळं अधोरेखित होतं. म्हणून आधी `<u>` किती आणि `</u>` किती हे मोजून घेतो. आकडा जुळला नाही तर रिप्लेस करायचंच नाही.

इथवर माझं मत सुधारलं होतं. मग दुसरा घोळ ठळकपणे दिसायला लागला. परत वरची ओळ बघा. पानावर ‘मुदत’ होतं, ॲपनं ‘मदत’ दिलं. ‘पुढे’चं ‘पढे’, ‘मुदतवाढ’ची ‘मदतवाढ’. उकार गेले, आणि फक्त रेघ असलेल्या शब्दांतले. त्याच पानावर बिनरेघेचे ‘मुदत’ व्यवस्थित आले होते.

कारण सरळ आहे. इंग्रजीत शब्दाखाली रेघ ओढली तर ती g, p, y सारख्या थोड्याच अक्षरांच्या शेपटांना लागते. आपल्याकडं उकार, ऊकार, ऋकार, पायमोडका सगळा पसारा अक्षराच्या खालीच, नेमका रेघ जाते तिथं. छपाईत शाई थोडी पसरते आणि उकार रेघेला चिकटतो. ॲप अक्षरं वाचण्याआधी रेघ पुसतं, तिच्याबरोबर चिकटलेला उकारही पुसला जातो. स्पेलचेकरला ‘पढे’ सापडतं. ‘मदत’ हा चांगला मराठी शब्द आहे, त्यामुळं तो गप्प बसतो. निबंधकांकडं नोंद झाल्याशिवाय पोटनियमाची दुरुस्ती लागू होत नाही. तिथं ‘कर्जाची मदत बारा महिने’ असा प्रस्ताव गेला असता तर सचिवांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं.

जवळून आणि जास्त रिझोल्यूशनचा फोटो घेतल्यावर फरक पडतो, पण उकार आणि रेघ यांच्यात पांढरी फट शिल्लक असेल तरच. भिंग लावून बघा. फट दिसली तर स्कॅनरवर ४०० डीपीआयला वाचतं. शाई एकजीव झालेली असेल तर कितीही मोठा फोटो काढा, गेलेला उकार येत नाही.

म्हणून आता मी एक साधी परीक्षा लावतो. `<u>` च्या आतला लांब तुकडा घ्यायचा आणि त्यात एक तरी उकार दिसतो का बघायचं. मराठीत लांब तुकडा उकाराशिवाय सहसा जात नाही. एकही नसेल तर तो तुकडा पानाशी ताडायचा, एकानं मूळ पान मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं स्क्रीनवर बोट ठेवायचं. हे फक्त अधोरेखित तुकड्यांसाठीच करतो, सगळ्या अहवालासाठी नाही, नाहीतर ॲप घेऊन उपयोग काय.

उलटाही प्रकार होतो. दाटीनं छापलेल्या पानावर खालच्या ओळीची शिरोरेषा वरच्या ओळीची अधोरेषा समजली जाते. ते नजरेनं पकडता येतं. शिरोरेषा शब्दासरशी तुटते आणि खरी अधोरेषा दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेतूनही चालू राहते. ॲपला हा फरक कळायला काय हरकत आहे, मला समजत नाही. आणि सचिवांनी लाल पेनानं मारलेल्या रेघाही ते छापील समजून `<u>` मध्ये टाकतं. आता गिऱ्हाइकाकडून कोरी प्रतच मागतो.

उकाराबद्दल कंपनीला पानाचा फोटो आणि बाहेर आलेला मजकूर दोन्ही पाठवलेत. “संबंधित विभागाकडे पाठवले आहे” असं आलंय.

तरी घ्यावं का? महिन्यात एखाद-दुसरं पान करणाऱ्यानं अजिबात घेऊ नये, हातानं टाईप करावं. ज्यांच्याकडं अहवालांचे गठ्ठे येतात त्यांनी घ्यावं, पण वर्षाचं नको. महिन्याची वर्गणी दीडशे आहे. ऑगस्ट-सप्टेंबरचे दोन महिने भरायचे आणि एक ऑक्टोबरच्या आत बंद करायचं, तीनशेत काम होतं. बंद करताना ‘आपोआप नूतनीकरण’ची खूण काढायला विसरू नका. ती आधीच लावलेली असते.